शिल्लक जुळली, तारीख चुकली

गेल्या वर्षी विभागातल्या प्रगती-सादरीकरणात मी एक स्लाइड अभिमानाने दाखवली होती. तिच्यावर एकच वाक्य होतं: "एलएलएमने काढलेला डेटा शिल्लक-पडताळणीने तपासला असून सर्व खात्यांची शिल्लक जुळते." कुणी प्रश्न विचारला नाही. मलाही वाटलं, झालं, हा टप्पा संपला. आज ते वाक्य मी स्वतःच खोडून काढणार आहे, कारण अशीच वाक्यं मला आता इतरांच्या प्रबंधांच्या आराखड्यांतही दिसायला लागली आहेत. आणि त्यात खोटं काही नसतं, हीच अडचण आहे. शिल्लक खरंच जुळलेली असते.

आधी काम काय आहे ते सांगते. मी आलापल्लीला राहून आसपासच्या ग्रामसभांच्या तेंदूपत्ता व्यवहारांवर काम करते. 2006 च्या वनहक्क कायद्याने आणि पेसा कायद्याने गौण वनोपजावरची मालकी गावाकडे आली. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. ठेकेदाराशी दर ठरतो तो प्रमाण गोणीचा, म्हणजे हजार पुडक्यांचा. ठेकेदार पैसे ग्रामसभेच्या बँक खात्यात भरतो आणि ग्रामसभा त्यातून पानं तोडणाऱ्या कुटुंबांना मजुरी देते. माझा प्रश्न साधा आहे: ठेकेदाराचे पैसे खात्यात आल्यापासून मजुरी निघेपर्यंत किती दिवस जातात?

याचं उत्तर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये आहे. पण ही स्टेटमेंट म्हणजे कुठे डॉट-मॅट्रिक्सवर छापलेल्या पासबुकाचे मोबाइलवर काढलेले फोटो, कुठे शाखेतून मिळालेले फिकट प्रिंटआउट, तर कुठे नीट पीडीएफ. प्रत्येकाचे रकाने वेगळे. हाताने टाइप करायला महिने लागले असते. म्हणून ग्रामसभांच्या ठरावाने परवानगी घेऊन, व्यक्तींचे खातेक्रमांक झाकून, मी पानांच्या प्रतिमा एका एलएलएमला दिल्या. प्रत्येक ओळीतून सात गोष्टी मागितल्या: तारीख, तपशील, संदर्भ क्रमांक, नावे रक्कम, जमा रक्कम, शिल्लक आणि पानावरचा ओळ क्रमांक. (खाली दिलेल्या रकमा आणि तारखा खात्यांची ओळख पटू नये म्हणून बदललेल्या आहेत. चुकांचे प्रकार बदललेले नाहीत.)

शिल्लक-पडताळणी काय पकडते

टीका करायची तर आधी तिचा मोठेपणा मान्य करायला हवा. बँक स्टेटमेंट हा असा दुर्मिळ कागद आहे जो स्वतःच्या प्रत्येक ओळीची साक्ष पुढच्या ओळीत ठेवतो. मागची शिल्लक, वजा नावे, अधिक जमा, बरोबर या ओळीची शिल्लक. हे गणित चार ओळींच्या कोडमध्ये बसतं:

```python
for a, b in zip(rows, rows[1:]):
    diff = a["balance"] - b["debit"] + b["credit"] - b["balance"]
    if diff != 0:
        print(b["page"], b["line"], diff)
```

पहिली ओळ म्हणून सुरुवातीची शिल्लक ठेवायची. रकमा `Decimal` मध्ये किंवा सरळ पैशांच्या पूर्णांकात ठेवायच्या. `float` वापरलंत तर पैशाच्या अपूर्णांकातले फरक उगाच दिसत राहतील आणि तुम्ही वैतागून "एक रुपयापर्यंत चालेल" अशी सूट द्याल. ती सूट देऊ नका. बँक एका पैशाचीही देत नाही.

फरक शून्य नसेल तेव्हा तो आकडा नीट बघा, कारण तो बोलतो. समजा मागची शिल्लक 4,82,350 आहे, ओळीत 1,36,500 जमा आहेत आणि छापील शिल्लक 6,18,850 आहे. मॉडेलने जमा रक्कम 1,63,500 वाचली. गणिताने शिल्लक 6,45,850 येते, म्हणजे फरक 27,000. याला 9 ने पूर्ण भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटे झाले की फरक नेहमी 9 च्या पटीत येतो, ही जुन्या हिशेबनीसांची युक्ती इथे जशीच्या तशी चालते. फरक एखाद्या रकमेच्या बरोबर दुप्पट असेल तर नावे आणि जमा यांची अदलाबदल झालेली असते. फरक एखाद्या पूर्ण रकमेएवढाच असेल तर ती ओळ गळली असण्याची शक्यता मोठी. आणि लागोपाठ दोन ओळींत तोच फरक एकदा अधिक, एकदा वजा असा आला, तर रक्कम बरोबर वाचलेली आहे, मधली शिल्लक चुकीची वाचली आहे.

हे सगळं मी केलं. पानापानाची जोडणीही तपासली, म्हणजे एका पानाची शेवटची शिल्लक आणि पुढच्या पानावरची आणलेली शिल्लक. सगळं जुळलं, आणि मग ती स्लाइड तयार झाली.

काका काय म्हणाले

सादरीकरणानंतर मी परत येऊन एका ग्रामसभेत आमचे तक्ते दाखवत होते. त्या गावाचा हिशेब बघणाऱ्या काकांनी आलेखावर बोट ठेवलं. "मॅडम, एप्रिलात कोणता ठेकेदार पैसे भरते? पान तर मे महिन्यात तुटते."

आलेखात त्या गावाचा विलंब 214 दिवस दिसत होता. मला तो धक्कादायक, म्हणून महत्त्वाचा वाटला होता. खरं सांगायचं तर प्रबंधात ठळक जागी टाकायचा विचारही करून झाला होता. मूळ कागद काढला. ठेकेदाराची रक्कम 04/06 ला जमा झाली होती आणि मजुरी 11/06 ला निघाली होती. चार जून आणि अकरा जून. सात दिवस. मी मॉडेलकडून तारीख वर्ष-महिना-दिवस अशा साच्यात मागितली होती, आणि त्या स्टेटमेंटमध्ये त्याने महिना आधी आहे असं धरून सहा एप्रिल आणि सहा नोव्हेंबर करून ठेवलं होतं.

आता बघा, शिल्लक-पडताळणीला हे का दिसलं नाही. वरच्या समीकरणात तारीखच नाही. सगळ्या तारखा उडवून टाकल्या तरी शिल्लक जुळेल. तपशिलाचं तेच, संदर्भ क्रमांकाचं तेच. मी मागितलेल्या सात गोष्टींपैकी फक्त तीन या समीकरणात येतात. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत वाढलेल्या मला हे आधीच कळायला हवं होतं. तराजू वजन बिनचूक सांगतो, पण बाटलीवरचं लेबल खरं आहे का, हे तो कधीच सांगत नाही. आणि माझा अख्खा संशोधन-प्रश्न तारखेवर उभा होता.

तुम्ही म्हणाल, मग तारखांची चढती क्रमवारी तपासायची. बरोबर, आणि बहुतेक वेळा ती पकडतेच. 12 तारखेनंतरचा एकही व्यवहार असेल तर तो उलटा वाचता येत नाही, त्यामुळे क्रम मोडतो. पण या खात्यात व्यवहार मोजकेच होते आणि सगळे 12 तारखेच्या आतले. 04/06 आणि 11/06 उलटे केले तरी एप्रिलनंतर नोव्हेंबरच येतो. क्रम चढताच राहतो. स्टेटमेंट आर्थिक वर्षाचं होतं, त्यामुळे दोन्ही चुकीच्या तारखा कालावधीच्या आतच बसल्या. लहान खात्यात हे सहज होतं, आणि ग्रामसभांची खाती लहानच असतात.

उपाय सोपा निघाला. मॉडेलला तारीख बदलायला सांगायचंच नाही. कागदावर जशी छापली आहे तशी अक्षरशः मागायची, आणि तिचं रूपांतर आपल्या कोडने, दिवस आधी हे गृहीत धरून करायचं. मॉडेलने नक्कल करावी, अर्थ लावण्याचं काम आपण उघड्यावर करावं. म्हणजे चूक झालीच तर ती सगळ्या ओळींत एकसारखी होईल आणि सापडेल.

जोडीने गळणाऱ्या ओळी

तारीख समीकरणात नव्हती, म्हणून चूक निसटली. पण दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. त्यात रक्कम समीकरणात असते आणि तरीही चूक निसटते.

मजुरी खात्यावर पाठवली की काही रकमा परत येतात. लाभार्थ्याचं खाते बंद पडलेलं असतं, नाव जुळत नाही, किंवा शाखेचा आयएफएससी कोड बदललेला असतो. स्टेटमेंटवर हे दोन ओळींत दिसतं: 2,400 नावे, आणि लगेच खाली 2,400 जमा, तपशिलात `RETURN` असं काहीतरी. आधीची शिल्लक 56,900 असेल तर ती 54,500 होते आणि पुन्हा 56,900 होते.

आता मॉडेलने या दोन्ही ओळी गाळल्या तर? पुढच्या ओळीला मागची शिल्लक 56,900 च हवी असते आणि ती मिळते. साखळीत कुठेही खाच नाही. एकमेकांना लागून असलेल्या, जवळपास सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी गळणं ही लांब पानांवर होणारी नेहमीची चूक आहे. आणि माझ्यासाठी त्या दोन ओळींचा अर्थ हा आहे की एका कुटुंबाला मजुरी मिळालीच नाही. म्हणजे जे शोधायला निघाले, नेमकं तेच गाळून उरलेलं "जुळतंय" असं मी म्हणत होते.

हे पकडायला दोन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली म्हणजे स्टेटमेंटच्या शेवटी एकूण नावे आणि एकूण जमा छापलेलं असेल तर त्यांच्याशी वेगवेगळी तुलना करा. निव्वळ फरकाशी केलीत तर 2,400 दोन्हीकडून वजा होऊन पुन्हा लपतील. दुसरी म्हणजे ओळी मोजा. अगदी साध्या, बोटाने. पान स्कॅन करतानाच व्यवहारांच्या ओळी मोजून वहीत लिहायच्या आणि मॉडेलने दिलेल्या ओळींशी ताडायच्या. पासबुकात बेरजेचे एकूण आकडे नसतात, तिथे माझ्याकडे ही मोजणी हाच एकमेव आधार आहे.

जुळेपर्यंत विचारायचं नाही

माझा सगळ्यात मोठा आक्षेप मात्र एका पद्धतीवर आहे, जी मी स्वतः वापरली आणि जी आता बऱ्याच जणांच्या कोडमध्ये दिसते. शिल्लक जुळली नाही की तोच निकाल मॉडेलला परत द्यायचा, "या ओळीत फरक येतोय, दुरुस्त कर" म्हणायचं, आणि जुळेपर्यंत हे चक्र चालू ठेवायचं. वरवर पाहता शहाणपणाचं वाटतं.

एक पान घ्या. मागची शिल्लक 91,600. कागदावर 3,400 नावे, शिल्लक 88,200. शाई फिकट, म्हणून मॉडेलने 8,400 वाचलं. गणिताने 83,200 यायला हवेत, छापील 88,200 आहेत, फरक 5,000. पडताळणीने आपलं काम चोख केलं. आता मी मॉडेलला सांगितलं की इथे 5,000 चा फरक आहे. दुसऱ्या फेरीत जे आलं त्यात 8,400 तसेच होते, त्या ओळीची शिल्लक 83,200 झाली होती आणि त्याखाली एक नवी ओळ उगवली होती: रोख जमा 5,000, शिल्लक 88,200. साखळी जुळली. मूळ कागदावर ती ओळ नाही.

यात मॉडेलचा दोष शोधत बसण्यात अर्थ नाही. मी जे मागितलं ते मला मिळालं. एलएलएम कागदावरची अक्षरं उचलून ठेवत नाही, ते पुढे काय यायला हवं याचा अंदाज बांधत मजकूर घडवतं. त्याला शिल्लक जुळवण्याचा नियम सांगितला की तो नियम पाळणारा तक्ता घडवणं त्याला सोपं जातं. परीक्षेआधी उत्तरपत्रिकेची प्रत दिली आणि मग शंभर गुण पडले म्हणून आनंद मानला, असा हा प्रकार. पडताळणी जोपर्यंत उत्तर तयार करणाऱ्यापासून स्वतंत्र आहे तोपर्यंतच ती पुरावा असते. ती निकष म्हणून आतमध्ये घातली की तिच्या जुळण्याला पुराव्याची किंमत राहत नाही.

म्हणून मी आता तीन पथ्यं पाळते. प्रॉम्प्टमध्ये शिल्लकेच्या गणिताचा उल्लेख करत नाही, आणि न दिसणाऱ्या जागी `null` लिहायला सांगते. शिल्लकेचा रकाना एका वेगळ्या फेरीत, बाकीचे रकाने झाकून, पुन्हा वाचून घेते. त्यामुळे निदान रक्कम बघून शिल्लक "बसवली" गेली नाही एवढं कळतं. आणि जे पान पहिल्या फेरीत जुळलं नाही ते मॉडेलकडे परत जात नाही, माणसाकडे जातं. पीडीएफमध्ये अक्षरं मुळातच असतील, म्हणजे ती निवडून कॉपी करता येत असतील, तर `pdfplumber` सारख्या साधनाने आकडे थेट काढून घ्या आणि मॉडेलच्या आकड्यांशी ताडा. ते वाचन अंदाज बांधत नाही, म्हणून ते खरं स्वतंत्र आहे.

मूळ कागदाशी ताडताना

मग उरतं ते नमुना काढून मूळ कागदाशी ताडणं. याबद्दल बहुतेक ठिकाणी "यादृच्छिक नमुना तपासला" एवढंच लिहिलेलं असतं. कशातून यादृच्छिक, हा प्रश्न विचारा.

मी आधी मॉडेलच्या तक्त्यातून ओळी निवडून कागदाशी ताडत होते. या दिशेने उगवलेली ओळ सापडते, कारण तिच्यासाठी कागदावर काहीच नसतं. पण गळलेली ओळ या दिशेने कधीच सापडणार नाही, कारण ती तक्त्यात नाहीच, तर नमुन्यात येणार कुठून? म्हणून दुसरी दिशाही हवी. कागदाच्या गठ्ठ्यातून पान निवडायचं, पानावरच्या ओळी निवडायच्या, आणि त्या तक्त्यात शोधायच्या. लेखापरीक्षण करणारे या दोन दिशा वेगळ्या मानतात, एक नोंद खरी आहे का यासाठी आणि दुसरी सगळ्या नोंदी आल्या का यासाठी. आपल्यालाही दोन्ही लागतात.

ताडणाऱ्या माणसाला मॉडेलचं उत्तर आधी दाखवू नका. समोर `TALANDE` लिहिलेलं असेल तर फिकट पानावरचं `TALANDI` तुम्हाला `TALANDE` च दिसतं, मला दिसलं होतं. भामरागड, एटापल्लीकडची आडनावं मॉडेलला अनोळखी असतात आणि ते त्यांना ओळखीच्या रूपाकडे ओढतं. बँकेच्या छपाईत अर्धवट तुटलेला तपशीलही ते कधी कधी "पूर्ण" करून देतं. म्हणून ताडणाऱ्याने कागद बघून स्वतः टाइप करायचं, आणि दोन्ही रूपांची तुलना कोडने करायची. जास्त वेळ जातो. पण नुसतं बघून बरोबरची खूण करण्यात पडताळणी होत नाही.

नमुना किती मोठा? एक ढोबळ नियम आहे: n ओळी तपासून एकही चूक सापडली नाही, तर 95 टक्के विश्वासाने एवढंच म्हणता येतं की खरं चुकीचं प्रमाण साधारण 3/n पेक्षा जास्त नाही. म्हणजे 100 ओळी निर्दोष निघाल्या तरी 3 टक्के चुका असू शकतात, 300 निर्दोष निघाल्या तर 1 टक्का. पण हा नियम प्रत्येक ओळ स्वतंत्र आहे असं मानतो, आणि इथे ती नसते. तारखेची चूक एका ओळीत होत नाही, ती अख्ख्या स्टेटमेंटमध्ये होते, कारण ती त्या छपाईच्या साच्यातून येते. एकाच स्टेटमेंटच्या 300 ओळी तपासल्या तर तारखेबद्दल तुम्ही जवळपास एकच निरीक्षण केलेलं असतं. म्हणून मी आधी कागदांचे गट पाडते, बँक, शाखा, पासबुक की प्रिंटआउट, फोटो की पीडीएफ असे, आणि प्रत्येक गटातून नमुना घेते. एखाद्या गटात दोनच स्टेटमेंट असतील तर ती दोन्ही.

आणि निकाल मांडताना एकच टक्केवारी देऊ नका. समजा 1,000 ओळी, प्रत्येकी 7 रकाने, म्हणजे 7,000 खाने. त्यांपैकी 70 खाने चुकले. अचूकता 99 टक्के, वाचायला छान. पण ते सगळे 70 तारखेचे असतील तर 1,000 पैकी 70 तारखा, म्हणजे 7 टक्के तारखा चुकीच्या आहेत, आणि माझ्या प्रश्नाला तारीखच हवी आहे. प्रत्येक रकान्याचा चुकीचा दर वेगळा द्या. तुमच्या निष्कर्षाला जो रकाना लागतो त्याचा आधी द्या.

तरीही जे कागदात नाही

एक मर्यादा शेवटी सांगायलाच हवी, कारण ही सगळी मेहनत करून झाल्यावर तीच विसरायला होते. मूळ कागदाशी ताडून एवढंच सिद्ध होतं की नक्कल बरोबर आहे. काही ग्रामसभा मजुरी खात्यावर पाठवत नाहीत. रक्कम रोख काढतात आणि गावात बसून यादीप्रमाणे वाटतात. स्टेटमेंटवर एकच ओळ दिसते, `SELF`, मोठी रक्कम नावे. त्या दिवशी पैसे बँकेतून निघाले एवढं आपल्याला कळतं. घरात कधी पोचले, ते ग्रामसभेच्या वाटप-वहीत असतं. त्यामुळे अशा गावांसाठी मी "विलंब" हा शब्दच वापरणं सोडलं आहे. "जमा ते रोख-काढणी" असा साधा शब्द वापरते, आणि पुढचा टप्पा वहीवरून वेगळा मोजते.

पद्धतीच्या प्रकरणात आता त्या जुन्या वाक्याच्या जागी हे आहे. हवं तर तुमच्या कामाला बेतून घ्या:

"रकमा आणि शिल्लक ओळीगणिक, पानागणिक आणि छापील एकूण आकड्यांशी तपासल्या. शिल्लक-पडताळणीचा निकाल मॉडेलला कळवलेला नाही. न जुळलेली सर्व पानं हाताने भरली असून त्यांची संख्या स्वतंत्र दिली आहे. पानागणिक ओळींची संख्या हाताने मोजून ताडली. तारीख, तपशील आणि संदर्भ क्रमांक या रकान्यांना शिल्लक-पडताळणी लागू होत नाही. त्यांसाठी प्रत्येक छपाई-साच्यातून दोन्ही दिशांनी नमुना काढून, मॉडेलचं उत्तर न पाहता पुन्हा टाइप करून तुलना केली. रकान्यानुसार चुकीचे दर तक्त्यात आहेत."

लांब आहे, स्लाइडवर मावत नाही. पण यातल्या प्रत्येक वाक्यावर कुणी बोट ठेवलं तर मला काहीतरी दाखवता येतं. त्या गावाचा 214 चा आकडा 7 झाला आहे. नवा तक्ता मी काकांना नेऊन दाखवला. त्यांनी जून महिन्यावर बोट ठेवलं, मान हलवली आणि पुढच्या गावाच्या ओळीकडे वळले.